दोनशे अक्षरांची हाव

“शीर्षकाला दोनशे अक्षरांची जागा दिली आहे ना? मग ती पूर्ण भरा. जितके शब्द जास्त, तितक्या शोधांत तुमचा माल दिसणार.” ऑनलाइन विक्री शिकवणारे हा सल्ला सर्रास देतात. तोच कपडेवाल्याला, तोच मिरची-हळद विकणाऱ्या बचत गटाला आणि तोच खामगावच्या चांदीवाल्यालाही. कपड्यांचं आणि मिरचीचं ज्याचं त्याने बघावं. चांदीच्या बाबतीत मात्र हा सल्ला निव्वळ नुकसानीचा आहे. ज्या गावाला अख्खा विदर्भ रजतनगरी म्हणून ओळखतो, त्या गावाने तो डोळे मिटून पाळावा, हे मला मुळीच मान्य नाही.

या सल्ल्यातून कसलं शीर्षक तयार होतं ते आधी बघू. खालचा नमुना कोणा एका दुकानाचा नाही. अशी शीर्षकं ज्या पद्धतीने जुळवली जातात, त्याच पद्धतीने मी तो जुळवला आहे. माल साधा आहे: घुंगरांचे चांदीचे पैंजण, एक जोड.

```
Silver Payal Anklet Payal for Women Girls Silver Anklets Chandi Payal Chandi Ki Payal Pajeb Pattilu Kolusu Stylish Latest Gift for Wife Girlfriend Sister Bridal Wedding Traditional Pure Silver Payal
```

मधल्या मोकळ्या जागा धरून ही १९८ अक्षरं होतात. पायल पाच वेळा आली, सिल्व्हर तीन वेळा, चांदी दोन वेळा. हिंदीतलं पाजेब आलं, तेलुगूतलं पट्टीलू आलं, तमिळमधलं कोलुसु आलं. बायको, मैत्रीण आणि बहीण या तिघींचीही सोय झाली. आता यात काय आलं नाही ते पाहा. चांदी किती टंचाची? जोडीचं वजन किती? लांबी किती? जोड आहे की एकच? घुंगरं आहेत की नाहीत? सराफाच्या दुकानात बसलेली बाई पहिल्या दोन मिनिटांत जे विचारते, त्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर १९८ अक्षरांत नाही.

त्यात मोबाइलवर शोधाच्या यादीत शीर्षक पूर्ण दिसतच नाही. सत्तर-ऐंशी अक्षरांनंतर ते तुटतं आणि पुढे तीन टिंबं येतात. गुगल शॉपिंग शीर्षकाला १५० अक्षरं घेतं, पण ग्राहकाला त्यातली सत्तरच्या आसपासच दिसतात, हे ते स्वतःच विक्रेत्यांना सांगतं. वरच्या नमुन्याची पहिली सत्तर अक्षरं मोजली तर आपण दुसऱ्या ‘चांदी’पर्यंतही पोचत नाही, पहिल्या ‘चांदी पायल’लाच थांबतो. म्हणजे ग्राहकाला दिसलं काय, तर पायल, पायल आणि पुन्हा पायल.

बाजारपेठांनाही हे आता नको आहे. २१ जानेवारी २०२५ पासून अॅमेझॉनने बहुतेक विभागांसाठी शीर्षकाचे नियम कडक केले. मोकळ्या जागा धरून २०० अक्षरांची कमाल मर्यादा, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह, डॉलर यांसारखी चिन्हं ब्रँडच्या नावात नसतील तर बंद, आणि कोणताही शब्द दोनापेक्षा जास्त वेळा नको. ‘फॉर’, ‘विथ’ यांसारखे जोडणारे शब्द तेवढे वगळले. वरचं शीर्षक या तिसऱ्या अटीत दोनदा नापास होतं. परदेशातल्या मराठी घरांपर्यंत हस्तकलेचा माल पोचवणाऱ्या एट्सीवर शीर्षकाला १४० अक्षरं मिळतात, पण २०२५ मध्ये एट्सीनेही विक्रेत्यांना आखूड, वाचता येईल असं शीर्षक लिहायला सांगितलं. फ्लिपकार्टवर तर बहुतेक विभागांत विक्रेता शीर्षक हाताने लिहीतच नाही, आपण रकान्यांत भरलेल्या माहितीवरून ते जुळवलं जातं. तिथे धातू, शुद्धता, वजन हे रकाने रिकामे ठेवणाऱ्याला शब्द कोंबून काही साधता येत नाही.

पण नियमाच्या धाकाने शीर्षक सुधारा, असं मला म्हणायचं नाही. नियम उद्या बदलतील. माझा मुख्य आक्षेप ‘सिल्व्हर’ या शब्दाच्या वापरावर आहे.

खामगावचा कारागीर जेव्हा ‘सिल्व्हर पायल’ लिहितो, तेव्हा तो खऱ्या चांदीबद्दल बोलत असतो. शोधाच्या यादीत त्याच्या शेजारी बसलेले मात्र वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतात. एकाच्या मालात ‘सिल्व्हर’ हा फक्त रंग आहे. दुसऱ्याच्या मालावर चांदीचा मुलामा आहे. तिसरा ‘जर्मन सिल्व्हर’ विकतो, ज्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं आणि चांदी औषधालाही नसते. चौथ्याचं ‘ऑक्सिडाइज्ड सिल्व्हर’ म्हणजे बहुधा काळपट केलेला साधा मिश्रधातू. ही सगळी मंडळी एकाच शोधात येतात आणि त्यांची किंमत दोन-तीनशे रुपये असते. त्यांच्या शेजारी खऱ्या चांदीची जोड हजारोंच्या भावात दिसली, तर ग्राहकाला ती महाग वाटणार नाही तर काय?

यावर उपाय म्हणून तोच शब्द आणखी दोनदा लिहायचा, हे तर्कशास्त्र मला कधीच कळलं नाही. शेजाऱ्यानेही तो तीनदा लिहिलेलाच आहे. तिथे कामाला येतो तो एक आकडा: 925. हजार भागांत ९२५ भाग चांदी, हा त्याचा अर्थ. ‘प्युअर’, ‘रिअल’, ‘ओरिजिनल’ ही विशेषणं मुलामावालाही लिहितो, कारण त्यांना माप नाही. आकड्याला माप आहे, आणि तो खोटा निघाला तर लिहिणारा अडकतो. म्हणून शुद्धता पहिल्या दोन शब्दांत हवी, धातूच्या नावाला चिकटून.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. आपल्याकडचे पारंपरिक पैंजण, तोरड्या, जोडवी सगळी ९२५ची नसतात. शुद्ध चांदी मऊ असते, कड्या झिजतात, म्हणून टंच कमी ठेवायची चाल आहे. शिवाय कड्या झाळताना वापरलेल्या मिश्रणाने तयार दागिन्याची शुद्धता आणखी थोडी उतरते. मग ८० टंचाच्या मालाचं शीर्षक कसं लिहायचं? तर ८० टंच आहे म्हणूनच लिहायचं. भारतीय मानक ब्युरोच्या हॉलमार्कमध्ये ८०० ही मान्य श्रेणी आहे, ती लिहिण्यात कमीपणा नाही. हॉलमार्क नसेल तर तो शब्द शीर्षकात घालू नये, आणि ९२५ म्हणून ८०० तर मुळीच विकू नये. ग्राहक पार्सल घेऊन गावातल्या सराफाकडे जातो, सराफ तपासून टंच सांगतो, माल परत येतो. जाण्यायेण्याचा खर्च एक वेळ सोसता येईल, पण पानावर पडलेला एक तारा वर्षानुवर्षं तिथेच राहतो. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० साली आले आहेत. मालाचं वर्णन प्रत्यक्ष मालाशी जुळलं पाहिजे ही जबाबदारी त्यांत विक्रेत्यावर टाकलेली आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. भरगच्च शीर्षकांत वजन का नसतं, याचं खरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. वजन लिहिलं की ग्राहक किमतीला वजनाने भागतो, त्या दिवसाचा चांदीचा भाव काढतो आणि मजुरी किती लावली ते त्याला कळतं. ज्याची मजुरी अवाजवी आहे त्याने वजन लपवावं, त्याचा तो धंदा. पण ज्याची मजुरी वाजवी आहे, त्याच्यासाठी वजन ही सगळ्यात मोठी जाहिरात आहे, आणि तो ती ‘गिफ्ट फॉर गर्लफ्रेंड’साठी गाळतो. दुकानात आपण भारावर बोलतो, दहा ग्रॅमचा एक भार. ऑनलाइन ग्राहक ग्रॅमवर बोलतो, म्हणून शीर्षकात ग्रॅमच लिहावेत.

हाताने केलेल्या मालात प्रत्येक जोड वजनाला सारखी भरत नाही, हा आक्षेप कारागीर घेतील आणि तो रास्त आहे. एक जोड ४२ ग्रॅम, दुसरी ४३, तिसरी पावणेत्रेचाळीस. अशा वेळी घाण्यातली सर्वांत हलकी जोड तोलायची आणि तिचं वजन शीर्षकात लिहायचं. ग्राहकाला अर्धा-एक ग्रॅम जास्त गेला तर त्याची तक्रार येत नाही. अर्धा ग्रॅम कमी गेला तर नक्की येते. लांबीचंही तसंच. पैंजण दहा आणि साडेदहा इंच अशा मापांत असतील तर ते एकाच पानाचे पर्याय म्हणून लावावेत. मुख्य शीर्षकात माप घालू नये, प्रत्येक पर्यायाच्या शीर्षकात त्याचं माप घालावं.

एवढं सगळं करून साडेदहा इंचाच्या पर्यायाचं शीर्षक असं होतं:

```
925 Silver Payal Anklet Pair with Ghungroo for Women, 42 g, 10.5 Inch
```

ही ६९ अक्षरं आहेत. पुढे ब्रँडचं नाव लागेल तेवढी वाढतील, पण तरी मोबाइलवर बहुतेक सगळी दिसतील. एकही शब्द दोनदा नाही. मोठ्याने वाचलं तर माणसाने माणसाला सांगितल्यासारखं वाटतं. पाचही प्रश्नांची उत्तरं यात आहेत, आणि शोधाचे मुख्य शब्द, म्हणजे सिल्व्हर, पायल, अँकलेट, घुंगरू, विमेन, तेही आहेत.

“आणि बाकीचे शब्द? पाजेब शोधणारा ग्राहक सोडून द्यायचा का?” विरोधकांच्या भात्यातला हा सर्वांत चांगला बाण आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. एकाच दागिन्याला आपल्या देशात पाच-सहा नावं आहेत हे खरंच आहे. नुसतं ‘पैंजण’ लिहून बसलेला विक्रेता नागपूरच्या पुढे कोणाला दिसणार नाही, इथवर मी त्यांच्याशी सहमत आहे. पण त्यांनी सगळी नावं दारावरच्या पाटीवर लिहायला सांगितली, आणि दारामागे याच कामासाठी ठेवलेली खोली दाखवलीच नाही. अॅमेझॉनच्या विक्रेता खात्यात ‘सर्च टर्म्स’ नावाचा रकाना असतो. ग्राहकाला तो दिसत नाही, शोधयंत्राला दिसतो. पाजेब, पट्टीलू, कोलुसु, पैंजण यांची जागा तिथे आहे. शीर्षकात आलेला शब्द तिथे पुन्हा लिहायचा नाही, स्वल्पविरामाची गरज नाही, दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव घालायचं नाही. एट्सीवर याच कामासाठी तेरा टॅग मिळतात, प्रत्येकी वीस अक्षरांचे. जिथे असा रकाना नसेल तिथे वर्णनात एक साधं वाक्य पुरतं: याला कोणी पाजेब म्हणतात, दक्षिणेत कोलुसु म्हणतात.

त्या रकान्यात एक खाच आहे, जी मराठी विक्रेत्याला माहीत असायला हवी. त्याची मर्यादा अक्षरांत मोजली जात नाही, बाइटमध्ये मोजली जाते, आणि एकूण जागा दोनशे-अडीचशे बाइटच्या घरात असते. रोमन लिपीतलं प्रत्येक अक्षर एक बाइट घेतं. देवनागरीत प्रत्येक वर्ण, काना, मात्रा, अनुस्वार तीन-तीन बाइट घेतो. ‘चांदीचे पैंजण’ एवढंच लिहिलं की ३७ बाइट गेले. तेच रोमन लिपीत `chandi che painjan` लिहिलं तर १८ बाइटमध्ये भागतं. म्हणून देवनागरीत एक-दोन नेमके शब्द ठेवावेत, बाकीचे रोमन लिपीत. मराठी माणूस शोधाच्या चौकटीत रोमन अक्षरांतूनही भरपूर मराठी टाइप करतो.

मराठीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. २०२१ पासून अॅमेझॉनचं दुकान मराठीत पाहता येतं. विक्रेत्याने इंग्रजीत लिहिलेलं शीर्षक तिथे यंत्राने भाषांतर होऊन दिसतं. ज्या ओळीत वाक्याची बांधणीच नाही, नुसती शब्दांची माळ आहे, तिचं यंत्र मराठीत काय करणार? चिखलीची किंवा मेहकरची जी ग्राहक मुद्दाम मराठी निवडते, तिच्यासमोर आपल्याच जिल्ह्यातल्या दुकानाची ओळ अगम्य होऊन येते.

आता दुसरा युक्तिवाद: “मोठे विक्रेते असंच लिहितात आणि तेच वर दिसतात.” वर दिसतात हे खरं. पण त्यांच्या चित्राखाली बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलंय का, ते आधी पाहावं. तसं असेल तर ती जागा त्यांनी पैसे मोजून घेतली आहे. नसेल तर परीक्षणांचा आकडा पाहावा. शोधयंत्र शब्द जुळतो का हे तर पाहतंच, पण शब्द जुळलेल्या हजार वस्तूंतून कोणती वर ठेवायची हे ठरवताना कशावर क्लिक झालं, काय विकलं गेलं, काय परत आलं, हेही त्याच्या हिशेबात असतं. अशा विक्रेत्याची विक्री जुनी आहे. तिच्या जोरावर त्याचं वाईट शीर्षक खपून जातं. त्याचं शीर्षक उचलून आणणाऱ्याला त्याची परीक्षणं मिळत नाहीत. उलट भलत्या शोधात माल दिसला आणि कोणी क्लिक केलं नाही, तर ते आपल्याच खात्यावर जमा होतं.

कोणता शब्द खरंच विक्री आणतो हे अंदाजाने ठरवायची गरजही नाही. शोधाच्या चौकटीत ‘silver payal’ टाइप करून थांबा, खाली येणाऱ्या सूचना लोक काय शोधतात ते सांगतात. त्यापेक्षा पक्की माहिती हवी असेल तर झेपेल एवढ्या रोजच्या खर्चाची स्वयंचलित जाहिरात काही आठवडे चालवा आणि शोधशब्दांचा अहवाल उतरवून घ्या. ग्राहकाने टाइप केलेला शब्द, किती क्लिक, किती विक्री, सगळं त्यात ओळीने येतं. ज्या शब्दावर क्लिक खूप आणि विक्री शून्य, तो शब्द मालाशी जुळत नाही. ‘ऑक्सिडाइज्ड’ हा असाच एक संशयित. ज्यावर विक्री होते तो शीर्षकात आहे का, हे तपासा. शीर्षक बदललं तर त्या काळात फोटो आणि किंमत बदलू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

तिसरा युक्तिवाद, “ग्राहक फोटो पाहतो, शीर्षक कोण वाचतं?”, फार वेळ घेण्यासारखा नाही. फोटोत ९२५ची जोड आणि मुलाम्याची जोड सारखीच चमकते. फोटो पाहून थांबलेला ग्राहक फरक शोधायला शीर्षकाकडेच येतो.

राहिला गावाच्या नावाचा प्रश्न, कारण अभिमानापोटी ‘खामगाव’ शीर्षकात घालावं असं अनेकांना वाटतं. १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते इथला कापूसबाजार आणि जलंबहून येणारी रेल्वे सुरू झाली. खामगावचा कापूस लिव्हरपूलला जात असे. तिकडे वऱ्हाडचा कापूस ‘उमरावती’ म्हणून ओळखला जाई, कारण तिथल्या दलालाला अमरावतीचं नाव ठाऊक होतं. आजही हिशेब तोच आहे. विदर्भ-खानदेशातला ग्राहक समई, ताम्हण, देवाच्या मूर्ती घेताना खामगावचं नाव पाहून विश्वास ठेवतो, तेव्हा त्या मालाच्या शीर्षकाच्या शेवटी ते असू द्यावं. चेन्नईत पैंजण शोधणाऱ्या बाईला ते काहीच सांगत नाही. तिथे ते वर्णनात जाऊ द्या आणि ती सात-आठ अक्षरं वजनाला द्या.

शिकवणाऱ्यांना माझी मागणी एवढीच आहे: कपड्यांसाठी केलेला नमुना चांदीवाल्यांच्या हातात ठेवणं थांबवा. आणि खामगावच्या व्यापाऱ्यांनो, आज रात्री दुकान बंद केल्यावर आपली पानं कॉम्प्युटरवर न पाहता मोबाइलवर उघडा. तीन टिंबांच्या आधी शुद्धता आणि वजन दिसत नसेल तर शीर्षक बदला, उरलेली नावं आतल्या रकान्यात टाका, आणि हे काम धनत्रयोदशीच्या किमान दोन महिने आधी उरका. ऐन गर्दीत शीर्षकाला हात लावू नका.